बोर्जियाला दैवाने बुडवलं की त्याच्याच चुकीने?

प्रश्न: एम.ए.साठी 'द प्रिन्स' दोनदा वाचलं. सेझारे बोर्जियाचा कित्ता गिरवा असं मॅकियाव्हेली सांगतो, पण बोर्जिया तर संपला. दैवाने घात केला असं आधी म्हणतो आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी, चूक त्याचीच होती असंही म्हणतो. मग सत्ता, दैव आणि 'गरज' यांचा नेमका संबंध काय? आणि आंतरराष्ट्रीय राजकारणातले वास्तववादी याला आपला मूळपुरुष का मानतात?

उत्तर:

सातव्या प्रकरणातली ती दोन विधानं एकमेकांना छेद देतात हे तुम्ही बरोबर हेरलंत. मी बरीच वर्षं राजकीय विचारांचा पेपर शिकवतो आणि दर वर्षी एखाद-दुसरा विद्यार्थी इथेच अडतो. जे अडत नाहीत त्यांनी पुस्तक न वाचता गाइड वाचलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी संपूर्ण पुस्तकाचा सारांश देत बसत नाही. बोर्जियाचंच प्रकरण सविस्तर उलगडतो, कारण तुमच्या तिन्ही शब्दांची गाठ तिथेच पडते.

आधी त्या शब्दांकडे बघू, कारण मराठीत वाचताना निम्मा घोळ तिथे होतो. 'वीर्तू' या इटालियन शब्दाचं भाषांतर आपल्याकडे अनेकदा 'सद्गुण' असं केलं जातं आणि मग सगळंच बिघडतं. मॅकियाव्हेलीच्या मनातला अर्थ आपल्या 'कर्तबगारी'च्या जवळ जातो. त्यात धमक आहे, हिशेब आहे, वेळ ओळखणं आहे. 'फोर्तूना'ला आपण 'दैव' म्हणतो, पण आपल्या दैवाला पूर्वसंचिताचा, प्रारब्धाचा वास आहे. मागच्या जन्मीचं काहीतरी आपण फेडत असतो. फोर्तूनेत तसलं काही नाही. तिथे कोणी हिशेब ठेवत नाही, न्याय करत नाही. पोप नेमका कुठल्या महिन्यात मरतो, ताप कोणाला येतो, पाऊस कधी कोसळतो, एवढाच तिचा अर्थ. आणि 'नेचेस्सिता' म्हणजे गरज, पण 'मला गरज वाटली' या अर्थाची नव्हे. ज्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही अशी निकड. राजाला गरज पडली की काहीही करायला मोकळीक, असा अर्थ विद्यार्थी काढतात तो 'गरज' या मराठी शब्दाच्या सैलपणामुळे. मी वर्गात 'निकड' हाच शब्द वापरतो, इथेही वापरतो.

आता बोर्जिया. रॉद्रिगो बोर्जिया 1492 मध्ये अलेक्झांडर सहावा या नावाने पोप झाला. सेझारे हा त्याचा मुलगा. त्याला आधी कार्डिनल केलं होतं, पण 1498 मध्ये त्याने ती झूल उतरवली. त्याच सुमारास फ्रान्सच्या बाराव्या लुईला आपलं लग्न रद्द करून हवं होतं आणि ते पोपच्या हातात होतं. पोपने ते दिलं, त्या बदल्यात सेझारेला फ्रान्समध्ये व्हॅलेंटिनॉइसची डची मिळाली आणि पाठोपाठ फ्रेंच फौजेची मदतही. त्या बळावर त्याने 1499 च्या अखेरीपासून रोमान्या प्रांतातली छोटी संस्थानं एकेक करून घेतली: इमोला, फोर्ली, पेझारो, रिमिनी, फाएन्झा. ही सगळी कागदोपत्री पोपच्या ताब्यातली, प्रत्यक्षात स्थानिक सरदार घराण्यांच्या हातातली.

म्हणजे सुरुवातीचं सगळं उसनं होतं. गादी बापाच्या पदामुळे, सैन्य फ्रान्सच्या राजाचं आणि ऑर्सिनी, वितेल्ली यांसारख्या भाडोत्री सरदारांचं. सातव्या प्रकरणाचा विषय हाच आहे: दुसऱ्याच्या शस्त्रांनी आणि दैवाच्या कृपेने राज्य मिळालं तर ते टिकवायचं कसं? मॅकियाव्हेली म्हणतो, घर बांधून झाल्यावर त्याखाली पाया घालण्यासारखं हे काम आहे. होऊ शकतं, पण बांधणाऱ्याला त्रास आणि इमारतीला धोका.

बोर्जिया हा पाया घालत असताना मॅकियाव्हेली तिथे हजर होता. तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा दुसऱ्या चॅन्सरीचा सचिव होता. ऑक्टोबर 1502 मध्ये त्याला इमोल्यात बोर्जियाच्या छावणीत पाठवलं गेलं आणि जानेवारी 1503 पर्यंत तो त्याच्या मागे मागे फिरला. काम अवघड होतं. फ्लॉरेन्सला कसलंही वचन द्यायचं नव्हतं, नुसता वेळ काढायचा होता. तो परत परत लिहितो की मला परत बोलवा, पैसे संपले, तब्येत बरी नाही. आणि ड्यूकच्या मनातलं काही कळत नाही, ही त्याची मोठी तक्रार. याच काळात लिओनार्दो दा विंचीही बोर्जियाच्या चाकरीत होता. त्याने काढलेला इमोला शहराचा नकाशा आजही आहे.

त्या तीन महिन्यांतला एकच प्रसंग जवळून बघू. रोमान्यात दरोडे, भांडणं, बेबंदशाही होती. ती मोडायला बोर्जियाने रेमिर्रो दे ओर्को नावाचा अधिकारी नेमला. मॅकियाव्हेली त्याचं वर्णन दोन शब्दांत करतो: क्रूर आणि झटपट काम उरकणारा. त्याने थोड्याच काळात प्रांत शांत केला, पण लोकांचा द्वेषही कमावला. मग बोर्जियाने तिथे दिवाणी न्यायालय बसवलं, प्रत्येक शहराला आपला वकील ठेवायला लावलं. आणि 26 डिसेंबर 1502 च्या सकाळी चेझेनाच्या चौकात लोकांना रेमिर्रोचं धड आणि मुंडकं वेगळं पडलेलं दिसलं, शेजारी लाकडाचा ओंडका आणि रक्ताने माखलेला सुरा. लोक एकाच वेळी समाधानी आणि सुन्न झाले, असं मॅकियाव्हेली पुस्तकात लिहितो. कारणही तो स्वच्छ सांगतो: झालेली क्रूरता ड्यूकची नव्हती, त्या माणसाच्या कडक स्वभावाची होती, हे लोकांना दाखवायचं होतं.

पण त्याच दिवशी त्याने फ्लॉरेन्सला जे पत्र धाडलं, त्यात काय आहे? त्यात तो म्हणतो, या मृत्यूचं कारण नीट कळत नाही. ड्यूकला तसं वाटलं एवढंच. आपण मनात येईल तसं माणसाला घडवू आणि मोडू शकतो हे त्याने दाखवलं. पत्र 1502 चं, पुस्तक 1513 चं. ज्या घटनेचं कारण चौकातून परत आल्यावर त्याला सांगता येत नव्हतं, ते अकरा वर्षांनी त्याला लख्ख दिसतं. मला ही विसंगती फार महत्त्वाची वाटते आणि ती मी वर्गात नेहमी वाचून दाखवतो. निकड ही बहुतेक वेळा मागे वळून बघताना स्पष्ट दिसते. करणाऱ्याला त्या क्षणी फक्त अंदाज असतो.

रेमिर्रोनंतर पाच दिवसांनी सिनिगाल्या. ऑक्टोबरमध्ये बोर्जियाच्याच भाडोत्री सरदारांनी त्याच्याविरुद्ध कट केला होता. त्याने ते मिटवलं, भेटी दिल्या, गोड बोलला, आणि 31 डिसेंबरला त्यांना सिनिगाल्यात भेटीला बोलावून धरलं. वितेलोत्सो वितेल्ली आणि ऑलिवेरोत्तो यांना त्याच रात्री गळा दाबून मारलं, ऑर्सिनी घराण्यातल्या दोघांना जानेवारीत. आता त्याच्याकडे उसन्या सरदारांची गरज उरली नव्हती. पाया घालून होत आला होता.

मग 18 ऑगस्ट 1503 ला अलेक्झांडर वारला. त्याच दिवसांत सेझारेही तापाने अंथरुणावर, मरणाच्या दारात. पुढे ज्युलियस दुसरा पोप झाला त्या दिवसांत बोर्जियाने मॅकियाव्हेलीला स्वतः सांगितलं की बाप मेल्यावर काय काय होऊ शकेल याचा मी विचार केला होता, प्रत्येकावर तोड काढून ठेवली होती. फक्त बाप मरेल तेव्हा मी स्वतःही मरणाला टेकलेलो असेन, हे मनात आलं नव्हतं. ही ओळ पुस्तकात आहे. दैव म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं कुठे सांगितलेलं मला ठाऊक नाही.

इथपर्यंत मॅकियाव्हेलीचा पहिला निकाल बसतो: दैवाची असाधारण वक्रदृष्टी. आणि त्याचा पुरावाही तो देतो. रोमान्याने महिनाभराहून जास्त त्याची वाट पाहिली. तो रोममध्ये अर्धमेला पडला होता तरी शत्रूंना त्याच्याविरुद्ध तिथे अनुयायी मिळाले नाहीत. म्हणजे पाया पक्का होता.

दुसरा निकाल पोपच्या निवडणुकीबद्दल आहे. अलेक्झांडरनंतर आलेला पोप महिन्याच्या आत वारला आणि नोव्हेंबरच्या 1 तारखेला जुलियानो देल्ला रोव्हेरे निवडून आला, तोच ज्युलियस दुसरा. बोर्जियांच्या काळात या माणसाने दहा वर्षं परागंदा काढली होती. आणि त्याला निवडून आणायला बोर्जियाने आपल्या बाजूच्या स्पॅनिश कार्डिनलांची मतं दिली! बदल्यात चर्चच्या सेनापतिपदाचं आणि रोमान्याचं आश्वासन मिळालं. मॅकियाव्हेलीचं म्हणणं असं: त्याला हवा तो पोप करता आला नसता हे खरं, पण नको तो रोखता येत होता. स्पॅनिश माणूस आणायला हवा होता, ते जमत नसेल तर रुआँचा फ्रेंच कार्डिनल. ज्याला आपण दुखावलंय किंवा जो पोप झाल्यावर आपल्याला घाबरेल, त्याला कधीच नाही. कारण माणसं भीतीने नाहीतर द्वेषाने घाव घालतात, आणि मोठी माणसं नव्या उपकारांनी जुनी दुखणी विसरतात असं समजणारा फसतो.

दोन्ही निकाल एकत्र ठेवा. दैवाने त्याचे पर्याय कमी केले, पण शून्यावर आणले नाहीत. ऑगस्टमध्ये त्याच्या हातात सैन्य, प्रांत, पैसा आणि कार्डिनल असं सगळं होतं. ऑक्टोबरअखेर फक्त एक नकार उरला होता: 'हा माणूस नको.' तेवढं एकच पान हातात असताना त्याने ते चुकीचं टाकलं. त्यानंतर मात्र खरोखरच काही उरलं नाही. ज्युलियसने त्याला धरलं, किल्ले काढून घेतले, नेपल्समध्ये स्पॅनिशांनी पकडून स्पेनला पाठवलं. तिथल्या तुरुंगातून तो निसटला आणि मार्च 1507 मध्ये नवारमधल्या व्हियानाजवळ एका किरकोळ चकमकीत मारला गेला. वय एकतीस.

पंचविसावं प्रकरण या गोष्टीनंतर वाचलं की वेगळं लागतं. तिथे तो म्हणतो, आपल्या कृत्यांपैकी निम्म्यांवर दैवाची सत्ता आहे आणि उरलेली निम्मी, किंवा जवळपास निम्मी, ते आपल्याकडे सोडतं. मग नदीचा दाखला येतो: पूर आला की झाडं, घरं वाहून जातात, कोणी अडवू शकत नाही, पण पाणी ओसरलेलं असताना बांध घालता येतात, कालवे काढता येतात. विद्यार्थी हे सुभाषित म्हणून पाठ करतात. लिहिणाऱ्याने मात्र हा प्रयोग करून पाहिला होता. 1504 मध्ये पिसा शहराला वेढा घातलेल्या फ्लॉरेन्सने आर्नो नदीच वळवून पिसाचं पाणी आणि समुद्राची वाट तोडायचं ठरवलं. या कामाचा पत्रव्यवहार मॅकियाव्हेलीकडे होता. चर खोदायला लागणाऱ्या श्रमांचा अंदाज चुकला, पाणी हवं तसं वळेना, शेवटी वादळी पावसात काठ ढासळले आणि काम सोडून द्यावं लागलं. बांधाबद्दल लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे हे चर असणारच, असं मला वाटतं. बांध घालणं म्हणजे नुसती दूरदृष्टी नव्हे; माणसं, खोली, उतार आणि दिवस यांचा हिशेब, जो चुकूही शकतो.

त्याच प्रकरणाचा दुसरा भाग फार कमी जण वाचतात आणि तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. दोन माणसं अगदी सारखं वागतात, एक यशस्वी होतो, एक बुडतो. असं का? कारण काळाची चाल वेगळी असते. उतावळा माणूस उतावळ्या काळात जिंकतो, सावध माणूस सावध काळात. आणि स्वभाव बदलता येत नाही. दाखला पुन्हा ज्युलियसचा, त्याच्या बोलोन्यावरच्या स्वारीचा. त्या वाटेवर 1506 मध्ये हा पोप फौज मागे ठेवून, थोडे रक्षक घेऊन पेरुजात शिरला, जिथे त्याचा शत्रू सशस्त्र बसला होता. मॅकियाव्हेली तेव्हा पोपच्या दरबारात फ्लॉरेन्सचा दूत होता. शत्रूने त्याला हात लावायची हिंमत केली नाही. पुढे बोलोन्याही पडलं. मॅकियाव्हेली म्हणतो, सावधपणाची वेळ आली असती तर हाच माणूस संपला असता, कारण त्याला दुसरं काही जमलंच नसतं. तो त्या आधी वारला, एवढंच.

म्हणजे कर्तबगारीसुद्धा पूर्णपणे आपल्या मालकीची नाही. अठराव्या प्रकरणात तो राजाला सांगतो की दैवाचे वारे फिरतील तसं फिरायची मनाची तयारी ठेव. पंचविसाव्यात म्हणतो की असा फिरणारा माणूस सापडत नाही. ही गाठ त्याने सोडवलेली नाही आणि मी ती सोडवल्याचा आव आणणार नाही.

आता निकडीकडे. पंधराव्या प्रकरणातलं प्रसिद्ध वाक्य असं आहे की टिकून राहायचं असेल त्या राजाने चांगलं न वागता येणं शिकलं पाहिजे आणि निकडीप्रमाणे ते वापरावं किंवा वापरू नये. 'वापरू नये' हे शब्द गाळून वाक्य उद्धृत होतं, तिथे सगळा अर्थ बदलतो. निकड दोन्ही बाजूंनी कापते. जिथे निकड नाही तिथे क्रूरता ही नुसती क्रूरता आहे आणि चूकही आहे.

हे तो प्रत्यक्ष लावून दाखवतो, तिसऱ्या प्रकरणात, बाराव्या लुईवर. लुईने इटलीत शिरताना लोंबार्दीचा काही भाग व्हेनिसला देऊ केला. मॅकियाव्हेली याला माफ करतो: इटलीत त्याचा कोणी मित्र नव्हता, पाय ठेवायला जागा हवी होती, मिळेल ती मैत्री घ्यावी लागली. पुढे लुईने नेपल्सचं राज्य स्पेनच्या राजाबरोबर वाटून घेतलं. इथे तो म्हणतो, पहिल्या वाटणीला निकडीचा आधार होता, या वाटणीला नाही, म्हणून ही निंदेला पात्र आहे. आधी इटलीत लुईच एकटा वरचढ होता. त्याने स्वतःच्या हाताने दुसरा तितकाच मोठा आणून बसवला, म्हणजे लुईवर नाराज होणाऱ्यांना जायला ठिकाण झालं. नेपल्समध्ये आपल्याला खंडणी देणारा राजा ठेवता आला असता. काही वर्षांतच फ्रेंचांना नेपल्स सोडावं लागलं. सारख्याच दिसणाऱ्या दोन कृती, दोन वेगळे निकाल, आणि फरक ठरवणारा प्रश्न एकच: त्या वेळी दुसरा मार्ग होता का?

आठव्या प्रकरणात क्रूरतेसाठी तो आणखी एक कसोटी देतो, ती ओळखायला सोपी आहे. एकदाच केली, स्वतःच्या सुरक्षेच्या निकडीपोटी केली, नंतर थांबली आणि प्रजेच्या उपयोगाकडे वळली, ती नीट वापरलेली. सुरुवातीला थोडी आणि दिवसागणिक वाढत जाणारी, ती वाईट वापरलेली. वाढत जाणं हेच निदान चुकल्याचं लक्षण. जो शासक दर वर्षी नवी 'अपरिहार्य' कठोर पावलं उचलतो, त्याची पहिली पावलं अपरिहार्य नव्हती, असा याचा अर्थ होतो. आणि इतकं सांगूनही त्याच प्रकरणात तो लिहितो की आपल्या नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं याला कर्तबगारी म्हणता येत नाही. त्याने सत्ता मिळते, कीर्ती नाही.

एक कबुली द्यायला हवी. शिकवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मीही फळ्यावर लिहायचो: 'साध्य साधनांचं समर्थन करतं – मॅकियाव्हेली.' तसं वाक्य पुस्तकात नाही. अठराव्या प्रकरणात आहे ते असं: माणसांच्या, विशेषतः राजांच्या कृतींबाबत, जिथे दाद मागायला न्यायालय नसतं तिथे, लोक शेवट बघतात. लोक काय करतात याचं हे निरीक्षण आहे. साध्य-साधनाचा वाद आपल्याकडे गांधीजींमुळे इतका परिचित आहे की आपण तो चटकन या वाक्यावर चिकटवतो. ज्या मुलांना मी तेव्हा चुकीचं शिकवलं त्यांची मला आजही खंत आहे. तुमच्या उत्तरपत्रिकेत ते वाक्य येऊ देऊ नका.

राजाला उपदेश करणारी पुस्तकं युरोपात त्याआधी शेकड्याने होती. इरॅस्मसचं ख्रिस्ती राजाच्या शिक्षणावरचं पुस्तक तर 1516 चं, म्हणजे जवळपास समकालीन. त्यांचा साचा ठरलेला: राजाने उदार, दयाळू, वचनाला जागणारं असावं. सिसेरोने सिंहाचं बळ आणि कोल्ह्याचं कपट, दोन्ही माणसाला न शोभणारी म्हटली होती. मॅकियाव्हेली तेच दोन प्राणी उचलतो आणि राजाला दोन्ही व्हायला सांगतो. त्याच्या वाचकांना हा टोला लगेच कळला असणार.

वास्तववादाकडे येतो. पुस्तक छापलं गेलं 1532 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. 1559 मध्ये ते चर्चच्या निषिद्ध यादीत गेलं. पण त्यातली निकड मात्र बंदी झुगारून पसरली, फक्त वेश बदलून. 1589 मध्ये जोव्हान्नी बोतेरोने 'राज्याचं कारण' या अर्थाचं नाव देऊन पुस्तक लिहिलं. मॅकियाव्हेलीला विरोध करायला म्हणूनच लिहिलं, आणि त्यातून ती कल्पना सगळ्या दरबारांत प्रतिष्ठित झाली. इथे एक मोठा बदल झाला. मॅकियाव्हेलीची निकड एका माणसाच्या जिवावर बेतलेली असते: या ड्यूकची, या राजाची. पुढच्या शतकांत ती राज्य नावाच्या संस्थेची झाली. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने 1740 मध्ये मॅकियाव्हेलीचं खंडन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सायलेशियावर चाल केली. त्याला दांभिक म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला त्यात असं दिसतं की व्यक्ती म्हणून नाकारलेली गोष्ट राज्याच्या नावाने करता येते, हे तोवर सगळ्यांनी मान्य केलं होतं.

विसाव्या शतकात ई. एच. कार यांनी 1939 च्या पुस्तकात त्याला पहिला महत्त्वाचा राजकीय वास्तववादी म्हटलं आणि कारणं दिली: इतिहास म्हणजे कार्यकारणाची साखळी, ती अभ्यासाने समजते, सिद्धांत व्यवहारातून येतो, उलट नाही, राजकारण नीतीतून निघत नाही. तुमच्या 'मूळपुरुष का' या प्रश्नाचं पाठ्यपुस्तकी उत्तर हेच. केनेथ वॉल्ट्झ यांनी 1979 मध्ये लिहिलं की मॅकियाव्हेलीपासून हितसंबंध आणि निकड हीच वास्तववादी राजकारणाची मुख्य सूत्रं राहिली आहेत. वॉल्ट्झ यांच्या मांडणीत निकड येते बाहेरून: राज्यांच्या वर कोणी दंडधारी नाही, म्हणून प्रत्येकाला स्वतःची काळजी घ्यावी लागते.

माझी तक्रार इथे आहे. त्या यादीत हित आहे, निकड आहे, पण दैव गळून पडलंय. सिद्धांताला तापाने आजारी पडलेला ड्यूक नको असतो, हे मी समजू शकतो. नियम शोधायचा तर अपवाद बाजूला ठेवावा लागतो. पण दैव काढलं की निकड फुगते. सगळंच अटळ वाटायला लागतं आणि 'रचनेमुळे असंच होणार होतं' असं म्हणून माणसाची चूक झाकली जाते. मॅकियाव्हेलीकडे असं होत नाही. तिथे निकड बऱ्याचदा आधीच्या आपल्याच निर्णयातून जन्मते. लुईला पुढे युद्ध अटळ झालं कारण स्पेनला त्यानेच आणलं. बोर्जिया ज्युलियसपुढे हतबल झाला कारण ज्युलियसला त्यानेच मतं दिली. म्हणून कोणी नेता 'पर्यायच नव्हता' म्हणाला की मॅकियाव्हेलीचा वाचक एक पायरी मागे जाऊन विचारतो: पर्याय संपले कधी, आणि कोणी संपवले?

तुमच्याकडून पुढचा प्रश्न बहुधा कौटिल्याचा येईल, म्हणून एवढंच. मॅक्स वेबर यांनी 1919 च्या 'राजकारण हा पेशा' या व्याख्यानात म्हटलं होतं की अर्थशास्त्रापुढे 'द प्रिन्स' निरुपद्रवी आहे. अर्थशास्त्राची संहिता 1909 मध्ये म्हैसूरहून शामशास्त्रींनी छापली होती, म्हणजे ते तेव्हा ताजं होतं. साम्य शोधायला हरकत नाही, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि अर्थशास्त्रात खाती, कर, हेर, गुदामं यांची जी बारकाईने मांडणी आहे तशी 'द प्रिन्स'मध्ये नाही. उत्तरात दोघांना एका ओळीत बसवू नका.

पुढे काय वाचायचं? सातवं प्रकरण पुन्हा वाचा, आणि त्याच्या शेजारी मॅकियाव्हेलीने रोमहून नोव्हेंबर 1503 मध्ये फ्लॉरेन्सला पाठवलेली पत्रं ठेवा. इंग्रजी भाषांतरात मिळतात. पुस्तकातला बोर्जिया शेवटच्या एका चुकीपर्यंत अचूक आहे. पत्रांतला बोर्जिया गोंधळलेला आहे, कोणावरही विश्वास ठेवतो. ज्युलियस दहा वर्षांचा वनवास इतक्या लवकर विसरला असेल यावर लोकांचा विश्वास नाही, असं मॅकियाव्हेली निवडणुकीनंतर काही दिवसांतच लिहितो. आणि ड्यूकबद्दल लिहितो की तो आपल्या त्या धीट आत्मविश्वासाच्या भरात वाहवत चाललाय, आणि दुसऱ्यांचे शब्द त्याच्या स्वतःच्या शब्दांपेक्षा जास्त पक्के निघतील असं धरून चाललाय.